नऊ वर्षे तपासणीत काढल्यावर डाय चेंजचा प्रकल्प अंगावर आला आहे. होकार देण्यापूर्वी काय ठरवून घ्यावे?

शेवंती (गुरुवार, रात्री ९:४०)

मी अंबड औद्योगिक वसाहतीतील प्रेस पार्ट्सच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात नऊ वर्षे काम करते. येणारा माल तपासणे, गेज सांभाळणे, ग्राहकाची तक्रार आली की तिच्या मुळाशी जाऊन अहवाल लिहिणे हे माझे काम असून ते मला झोपेतही करता येईल. काल आमच्या प्लांट हेडनी मला बोलावून सांगितले की २५० टनांच्या प्रेसवर एक डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, उतरवून दुसरी चढवायला सुमारे दीड तास जातो, तो वेळ चार महिन्यांत ३० मिनिटांवर आणायचा आहे आणि हे काम मी करावे अशी त्यांची इच्छा आहे. सोमवारी उत्तर द्यायचे आहे.

अडचण अशी की मी प्रेसवर कधीच काम केलेले नाही. माझ्याबरोबर डाय बदलणारे दोन सेटर असतील. त्यांतले एक तात्या बावन्न वर्षांचे आहेत आणि मी नोकरीला लागले तेव्हा ते या कामात मुरलेले होते. टूलरूमचा एक जण अर्धा वेळ मिळेल. यांच्यापैकी कोणीही मला रिपोर्ट करत नाही. माझे रोजचे काम कोण पाहणार, याबद्दल साहेब काही बोलले नाहीत आणि मीही त्या वेळी विचारले नाही.

मला हे काम करावेसे वाटते आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. प्रश्न इतकाच आहे की सोमवारी काय काय बोलून घ्यावे, आणि चार महिन्यांचे हे काम कसे तोडावे म्हणजे तिसऱ्या महिन्यात अचानक तोंडघशी पडायची वेळ येणार नाही.

पंचवटी एक्सप्रेस (गुरुवार, रात्री १०:०५)

ताई, विचार करू नका, होकार द्या. माणूस ७० टक्के प्रत्यक्ष कामातून शिकतो, २० टक्के इतरांकडून आणि केवळ १० टक्के वर्गात बसून, हे सिद्ध झालेले आहे. अशा जबाबदारीला आमच्याकडे स्ट्रेच असाइनमेंट म्हणतात आणि ती मुद्दाम आवाक्याबाहेरचीच दिलेली असते. तुमच्या विषयाला तर तयार पद्धतही आहे. तिचे नावच ‘सिंगल मिनिट एक्स्चेंज ऑफ डाय’, म्हणजे एका मिनिटात डाय बदलणे, असे आहे आणि टोयोटाने ते तीन मिनिटांत करून दाखवले होते. मग ३० मिनिटे म्हणजे काहीच नाही. पुण्यात दोन दिवसांचे प्रशिक्षण होते, तेवढे मात्र कंपनीकडून मागून घ्या.

घोटीचा मास्तर (गुरुवार, रात्री १०:५०)

माझा अनुभव सांगतो. इगतपुरी तालुक्यातील आमच्या शाळेत मुख्याध्यापक निवृत्त झाल्यावर ‘तात्पुरता’ प्रभार माझ्याकडे आला. वर्ग घेणे तर सुटले नाहीच, शिवाय पोषण आहाराचा हिशेब, पोर्टलवरच्या माहित्या आणि पालकांच्या बैठका हे सगळे वाढले. तात्पुरता म्हणजे किती दिवस, हे मी विचारले नव्हते. तो प्रभार दोन वर्षे दोन महिने चालला. पगारात फरक शून्य. तेव्हा बढतीचे पत्र हातात पडल्याशिवाय काहीही स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवंती (गुरुवार, रात्री ११:१५)

सर, मी बढतीबद्दल विचारत नव्हते. हे पद नाही, चार महिन्यांचे काम आहे. पण शेवटची तारीख विचारायची राहिली, हे तुमचे वाचून लक्षात आले. त्याबद्दल आभार.

जुना टूलरूमवाला (शुक्रवार, सकाळी ७:२०)

मी सातपूरच्या वसाहतीत २८ वर्षे टूलरूम पाहिली आणि आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडे लांब लिहिले तर चालवून घ्यावे.

आधी पंचवटी एक्सप्रेस यांनी लिहिले आहे त्यातले अर्धे दुरुस्त करतो. त्या पद्धतीच्या नावातले ‘सिंगल मिनिट’ म्हणजे एक मिनिट नव्हे, मिनिटांचा आकडा एक अंकी असणे, म्हणजे दहाच्या आत. ती मांडणारे शिगेओ शिंगो यांना त्यातली मुख्य गोष्ट १९५० मध्ये हिरोशिमाच्या एका मोटार कारखान्यात सुचली आणि टोयोटातील १००० टनांच्या प्रेसचा प्रसंग १९६९ मधला आहे. मध्ये १९ वर्षे गेली. त्या प्रेसला चार तास लागत होते. ते आधी दीड तासावर आणले आणि तीन मिनिटे त्यानंतर झाली. शेवंतीताईंच्या साहेबांनी तीन मिनिटांची गोष्ट कुठेतरी ऐकलेली असणार, दीड तासाचा मधला टप्पा ऐकलेला नसणार. तुमची प्रेस आज बरोबर त्या मधल्या टप्प्याच्या आकड्यावर उभी आहे, हा गमतीचा योगायोग आहे. पण तिथून पुढे जे केले त्याला डायमध्ये बदल करावे लागतात आणि त्याला पैसा लागतो.

आता मुद्द्यावर येतो. सोमवारी कामाला होकार द्या, आकड्याला देऊ नका. ‘३० मिनिटे’ हा आकडा कोणी मोजून काढलेला नाही, हे मी न पाहता सांगतो, कारण ‘सुमारे दीड तास’ हासुद्धा मोजलेला नाही. पहिले दोन आठवडे काहीही न बदलता फक्त मोजायला मागा. मोजणी जुन्या डायच्या शेवटच्या चांगल्या पार्टपासून नव्या डायच्या पहिल्या पास झालेल्या पार्टपर्यंत धरायची. पुष्कळ ठिकाणी प्रेस पुन्हा सुरू झाली की घड्याळ थांबवतात, आणि मग पार्ट पास होईपर्यंत गेलेला वेळ कोणाच्याच खात्यावर पडत नाही.

ही व्याख्या नीट वाचलीत तर एक गोष्ट दिसेल. तो शेवटचा तुकडा, म्हणजे पहिला पार्ट नेणे, मोजणे आणि सही करून लाइन सोडणे, हा सेटरचा नाही, तुमच्या विभागाचा आहे. तुम्ही समजता तेवढ्या परक्या गावात चाललेल्या नाही.

दुसरे, शट हाइट म्हणजे काय हे पहिल्या आठवड्यात तात्यांच्या शेजारी उभे राहून समजून घ्या. नव्या डायची बंद उंची जुनीपेक्षा जास्त असेल आणि रॅम, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा भाग, वर न घेता प्रेस चालवली, तर ती खालच्या टोकाला अडकून बसते, आणि मग ती सोडवण्यात शिफ्ट जाते. सेटर तिथे वेळ घेतो तो आळसाने नव्हे. कुठला वेळ वाया जातो आणि कुठला वेळ धोका टाळण्यासाठी जातो, हे तुम्हाला स्वतःला ओळखता आल्याशिवाय कोणालाही ‘इथे लवकर करा’ म्हणू नका.

ताम्हण (शुक्रवार, दुपारी १:३०)

माझे काम प्रशिक्षण विभागातले आहे आणि अशा नेमणुका मी बऱ्याच लावल्या आहेत, त्यातल्या काही फसल्याही आहेत. ७०-२०-१० बद्दल एवढेच सांगते की ते आकडे मोजमापातून आलेले नाहीत. अमेरिकेतील एका नेतृत्वविषयक संस्थेने १९८० च्या दशकात यशस्वी अधिकाऱ्यांना ‘तुम्ही कशातून शिकलात’ ते आठवून सांगायला लावले आणि त्या उत्तरांतून पुढे ही वाटणी रूढ झाली. त्यातही त्यांचे म्हणणे अवघड कामातून शिकलो असे होते, मला एकट्याला सोडून दिल्यामुळे शिकलो असे नव्हते. त्या मधल्या २० मध्ये वरिष्ठ आणि सहकारी येतात, आणि नेमके तेच गृहीत धरले जाते.

फसलेल्या नेमणुका मी पुन्हा तपासल्या तेव्हा बहुतेक ठिकाणी माणूस कमी पडला नव्हता. जुने काम उतरवलेले नव्हते. सुरुवातीचे तीन आठवडे माणूस दोन्ही ओढतो, मग ग्राहकाची एक तक्रार येते, तिला मुदत असते, प्रकल्पाला नसते, आणि प्रकल्प शनिवारच्या संध्याकाळवर ढकलला जातो. म्हणून सोमवारी ‘माझे काम कोण बघेल’ असे मोघम विचारू नका. तुमच्या कामांची यादी करून त्यातली कोणती कामे कोणाच्या नावावर जातील आणि कोणती चार महिने थांबतील, हे त्यांच्या तोंडून वदवून घ्या. एकही काम जात नसेल, तर तो स्ट्रेच नव्हे, नुसता ओव्हरटाइम आहे.

त्यानंतर निर्णयाचा प्रश्न येतो. सेटर तुम्हाला रिपोर्ट करत नाहीत, म्हणजे ट्रायलसाठी प्रेस अर्धा तास जास्त थांबवायची असेल तर ते कोण ठरवणार? उत्पादनाचा शिफ्ट इन्चार्ज ठरवणार असेल तर तुम्हाला प्रत्येक वेळी विनवणी करावी लागेल. आठवड्यातून एक ठरलेली वेळ, समजा बुधवारची दुसरी शिफ्ट, ट्रायलची म्हणून आधीच मागून ठेवा. आणि साहेबांबरोबर दर आठवड्याला वीस मिनिटे. ‘गरज पडली की ये’ हे आश्वासन मी हिशेबात धरत नाही, कारण गरज असते त्या दिवशी माणूस लाजतो आणि जातच नाही.

रॅमखाली (शुक्रवार, रात्री ११:४०)

मी सेटर आहे, सिन्नरला, १४ वर्षे. वरचे सगळे वाचले. सगळे मॅडमच्या बाजूने लिहिलेले आहे, म्हणून आमच्या बाजूने लिहितो.

आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी असेच एक साहेब मोबाइल स्टँडवर लावून आमचे शूटिंग करत उभे राहिले होते. विचारले नाही, सांगितले नाही. नंतर त्या व्हिडिओतून ‘सेटर ११ मिनिटे जागेवर नव्हता’ असे काढले. मी ती ११ मिनिटे टी-बोल्ट शोधत होतो, कारण आदल्या शिफ्टने शेजारच्या प्रेसला वापरले होते. त्या दिवसापासून आमच्याकडे कॅमेरा दिसला की सगळे पुस्तकाप्रमाणे काम करतात आणि दीड तासाचे दोन तास होतात. तुमच्या मोजणीतही तेच होईल, मोजलेला आकडा खोटा येईल आणि ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

दुसरा प्रश्न तुमचे तात्या विचारणार नाहीत, पण मनात ठेवतील. वेळ वाचला तर त्याचे काय होणार? आज शिफ्टला दोन डाय चेंज असतील तर उद्या चार लावणार का? दोन सेटरचा एक करणार का? याचे उत्तर तुमच्याकडे नसेल तर तसे सरळ सांगा, पण गोड बोलून वेळ मारून नेऊ नका.

आणि घाईत सगळ्यात आधी काय सुटते, तर रॅमखाली हात घालण्यापूर्वी लावायचा सेफ्टी ब्लॉक. त्याला अर्धे मिनिट लागते. तुमच्या बोर्डावर मिनिटांचा आकडा रोज लिहिला गेला, तर ते अर्धे मिनिट कुठून वाचणार हे मी आजच सांगू शकतो.

पंचवटी एक्सप्रेस (शनिवार, सकाळी ९:१०)

जुना टूलरूमवाला आणि ताम्हण, दुरुस्त्या मान्य. पण आकडा न देता होकार म्हणजे साहेबांना टाळाटाळ वाटणार नाही का? आमच्याकडे तर लगेच ‘आत्मविश्वास कमी आहे’ असा शेरा पडतो.

जुना टूलरूमवाला (शनिवार, सकाळी १०:३५)

पडू शकतो. म्हणून आकडा देणार नाही असे म्हणायचे नाही, आकड्याची तारीख द्यायची: ‘तिसऱ्या सोमवारी मी मोजणीसह आकडा घेऊन येते.’ तारीख पाळली की तो शेरा टिकत नाही. रॅमखाली यांचे म्हणणे मात्र शब्दशः घ्या. कॅमेरा लावायचाच असेल तर डायवर लावा, माणसावर नको, आणि व्हिडिओ आधी सेटरला दाखवा, मग साहेबांना. माझ्या अनुभवात सेटर स्वतःचा व्हिडिओ पाहतो तेव्हा तोच दोन-तीन गोष्टी अशा काढतो ज्या आपल्याला दिसलेल्याच नसतात.

शेवंती (सोमवार, रात्री १०:२०)

आजची बैठक ठरल्यापेक्षा लांबली. द्वारकेच्या कोंडीत अडकल्यामुळे मीच दहा मिनिटे उशिरा पोहोचले, त्यामुळे सुरुवात अवघडली होती. तरी मी एका कागदावर लिहून नेले होते, ते कामी आले.

कामांपैकी येणाऱ्या मालाची तपासणी आणि मासिक अहवाल माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याकडे गेले. ग्राहकांच्या तक्रारी माझ्याकडेच राहिल्या. त्या सोडायला साहेब तयार झाले नाहीत आणि खरे सांगायचे तर मलाही धीर झाला नाही. दोन आठवडे फक्त मोजणी करायला मान्यता मिळाली. बुधवारची दुसरी शिफ्ट ट्रायलला मिळाली, पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नाही. शेवटची तारीख लिहून घेतली.

वेळ वाचल्यावर काय होणार, हा प्रश्न मी रॅमखाली यांच्या शब्दांतच विचारला. साहेबांनी सांगितले की माणूस कमी करणार नाही, पण लॉट लहान करायचे आहेत, म्हणजे डाय चेंज वाढतील. हे मी दोन्ही सेटरना तसेच सांगितले. तात्या म्हणाले, “म्हणजे पळायचे आम्हीच ना.” मी ‘हो, काही प्रमाणात’ असे उत्तर दिले. याहून चांगले उत्तर माझ्याकडे नव्हते.

मोजपट्टी (मंगळवार, सकाळी ८:१५)

तक्रारी स्वतःकडे ठेवल्यात तिथेच चूक झाली असे मला वाटते. ताम्हण यांनी नेमका तोच खड्डा दाखवला होता.

शेवंती (तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:००)

मोजणी झाली. दोन आठवड्यांत पाच डाय चेंज पाहायला मिळाले: ११२, ८८, ९६, ७९ आणि १०५ मिनिटे. सरासरी ९६ येते, म्हणजे साहेबांचा ‘सुमारे दीड तास’ फार चुकीचा नव्हता. पण ७९ आणि ११२ मधले अंतर पाहून मला जास्त आश्चर्य वाटले, कारण प्रेस तीच होती आणि माणसेही तीच. तात्यांना विचारले तेव्हा ते एका शब्दात म्हणाले, “क्रेन.” आमच्याकडे एकच क्रेन तीन प्रेस आणि टूलरूम मिळून वापरतात.

तिसरा डाय चेंज नेमका ९६ मिनिटांचा होता, म्हणून त्याचे तुकडे इथे देते. क्रेनची वाट पाहणे आणि रॅकवरून डाय आणणे यात २१ मिनिटे गेली. बोल्ट, क्लॅम्प आणि पॅकिंगचे तुकडे शोधण्यात १४. जुनी डाय काढून नवी बसवण्यात १८. शट हाइट आणि पट्टीची फीड जुळवण्यात १६. ट्रायलचे पार्ट काढून किरकोळ जुळवाजुळव करण्यात १०. आणि पहिला पार्ट पास होण्यात १७ मिनिटे.

ती शेवटची १७ मिनिटे मी स्वतः त्या पार्टच्या मागे चालत जाऊन पाहिली. हेल्परने पार्ट फडक्यात गुंडाळून तपासणी कक्षात आणला. तिथे हाइट गेजवर दुसऱ्या लाइनचा पार्ट चालू होता, म्हणून तो ट्रेमध्ये थांबला. मग मोजला, पाच मापे, पाच मिनिटे. मग सहीसाठी इन्स्पेक्टर इन्चार्जला शोधायला गेला, तो कँटीनमध्ये चहा घेत होता. तोपर्यंत २५० टनांची प्रेस आणि तिच्याशेजारी तात्या हात पुसत उभे होते. मी नऊ वर्षे त्या कक्षात बसले आहे आणि दाराबाहेर कोणी उभे असते, हे मला खरोखर माहीत नव्हते.

हे मी तात्यांना आधी सांगितले आणि पहिला बदल माझ्या विभागापासून सुरू केला. त्या डायच्या पाच मापांपैकी चार मापांसाठी साधे गो–नो-गो गेज प्रेसजवळ ठेवले, पाचवे माप कक्षात होईल आणि सही करायचा अधिकार शिफ्टच्या इन्स्पेक्टरला दिला. गेल्या बुधवारी १७ ची आठ मिनिटे झाली. त्या दिवशी तात्यांनी पहिल्यांदा मला आपणहून बोलावून डायखालचे पॅकिंग दाखवले.

जुना टूलरूमवाला (रविवार, सायंकाळी ६:३०)

उत्तम. आता तुमच्याच तुकड्यांवरून साहेबांचा आकडा काढू या. प्रेस चालू असतानाच डाय आणून शेजारी ठेवली तर २१ मधली चार-एक मिनिटेच उरतील. बोल्ट, क्लॅम्प आणि पॅकिंग त्या डायच्या नावाच्या ट्रॉलीवर आधीच लागले तर १४ ची तीन होतील. पास होण्याची १७ ची आठ तुम्ही केलीच आहेत. म्हणजे ९६ मधून १७, ११ आणि ९ वजा केली की ५९ उरतात. इथपर्यंत फक्त शिस्त आणि एक ट्रॉली लागते.

उरलेल्या ५९ मध्ये डाय काढणे-बसवणे आणि शट हाइट मिळून ३४ आहेत, आणि तिथे शिस्तीने फार काही मिळत नाही. सर्व डायना खाली तुकडे लावून बंद उंची एकसारखी केली तर शट हाइटची जुळणी जवळजवळ संपते, पण टूलरूमला प्रत्येक डाय हातात घ्यावी लागेल. तिथून ४५ च्या आसपास जाल. ३० हवे असतील तर हायड्रॉलिक क्लॅम्प आणि डाय आत सरकवण्याची सोय लागते, म्हणजे खरेदी आली. तेव्हा उद्या तीन आकडे न्या: ६० माझ्या अधिकारात, ४५ टूलरूमचा पूर्ण माणूस दिलात तर, ३० तुम्ही पैसे मंजूर केलेत तर. कुठला घ्यायचा ते त्यांना ठरवू द्या.

ताम्हण (रविवार, रात्री ८:००)

एक भर घालते. दर आठवड्याचा टप्पा मिनिटांत धरू नका, कारण एक दिवस क्रेन बिघडली की आकडा वर जातो आणि सगळ्यांचा हिरमोड होतो. ‘मागच्या पाच डाय चेंजपैकी किती वेळा नवी डाय आधीच प्रेसजवळ येऊन थांबली होती’ असे मोजा. पाचापैकी एक, मग तीन, मग चार. ते तुमच्या हातातले आहे. मिनिटे महिन्यातून एकदाच पाहा. रॅमखाली यांची सेफ्टी ब्लॉकची भीतीही यामुळे थोडी कमी होईल.

रॅमखाली (रविवार, रात्री ११:५५)

थोडी. त्याच कागदावर ब्लॉक लावला की नाही याचाही एक रकाना ठेवा आणि तो सेटरला भरू द्या, इन्स्पेक्टरला नाही.

घोटीचा मास्तर (सोमवार, सकाळी ६:५०)

तांत्रिक भाग मला कळला नाही, पण तीन आकड्यांची युक्ती फार आवडली. माझ्या वेळी मी शिक्षण विभागाला असेच तीन पर्याय दिले असते तर, असे वाटून गेले.

शेवंती (नवव्या आठवड्यात, शुक्रवार, रात्री १०:१०)

बरेच दिवस लिहिले नाही, कारण मोजपट्टी यांचे भाकीत खरे ठरले. सहाव्या आठवड्यात ग्राहकाची एक तक्रार आली, मी दहा दिवस तिच्यात अडकले आणि दोन बुधवार वाया गेले. परत आले तेव्हा ट्रॉलीवरचे निम्मे बोल्ट गायब होते आणि दुसऱ्या सेटरने सरळ विचारले, “मॅडम, हे चालू आहे का बंद?” साप्ताहिक वीस मिनिटांत मी हे साहेबांसमोर तसेच ठेवले. तक्रारींपैकी आता फक्त एका ग्राहकाच्या माझ्याकडे राहिल्या आहेत.

तीन आकड्यांपैकी साहेबांनी ६० मान्य केला, ४५ साठी टूलरूमचा माणूस ‘बघू’ म्हणाले आणि बोर्डावर मात्र ३० चे लक्ष्य तसेच ठेवले आहे. मी त्याखाली ‘क्लॅम्प खरेदीनंतर’ असे लिहिले, ते अजून कोणी पुसलेले नाही.

मागच्या पाच डाय चेंजपैकी चार वेळा नवी डाय आधी येऊन थांबली होती. सरासरी ६८ मिनिटे आहे. पाचव्या वेळी, म्हणजे काल, ९१ लागली. रात्रीची शिफ्ट होती आणि त्या शिफ्टला क्रेन चालवणारा स्वतंत्र माणूसच नसतो, सेटरने फोन करून टूलरूममधून बोलवावा लागतो. ट्रॉली, गेज, रकाने सगळे जागेवर होते आणि डाय रॅकवर होती. तात्यांनी ब्लॉकच्या रकान्यात ‘लावला’ असे लिहून त्याच्याखाली बारीक अक्षरात ‘क्रेनवाल्यासाठी रकाना नाही’ असे लिहिले आहे.

रात्रीच्या शिफ्टचा माणूस मागणे माझ्या अधिकारात बसत नाही आणि उत्पादन विभाग तो देणार नाही हेही मला दिसते आहे. रात्रीचे डाय चेंज दिवसाच्या सरासरीतून वगळून वेगळे दाखवावेत का, की त्याने मीच आकडा सजवते आहे असे होईल?

मोजपट्टी (शुक्रवार, रात्री १०:४५)

वगळू नका. वेगवेगळे दाखवा, पण एकत्र सरासरीही त्याच कागदावर राहू द्या.

रॅमखाली (शनिवार, पहाटे ५:३०)

आत्ताच रात्रपाळी संपवून आलो. आमच्याकडे रात्री डाय बदलायची असेल तर दुसरी शिफ्ट जाण्यापूर्वीच डाय खाली उतरवून प्रेसमागे ठेवतात. जागा अडते, फोर्कलिफ्टवाला शिव्या देतो. तुमच्या प्रेसमागे सव्वा टनाची डाय ठेवायला जागा आहे का, ते तात्यांना विचारा.

शेवंती (शनिवार, सकाळी ९:२०)

विचारले. जागा आहे, पण तिथे गेली चार वर्षे भंगाराचे पिंप उभे आहे आणि ते कोणाच्या विभागाचे हे आज सकाळपासून तिघांना विचारून झाले आहे.